स्नेहसंमेलनाला बक्षीस, सोसायटीत स्टॉल : दिलेले पैसे परत आले का, हे वहीत कसं बघायचं?

फलटण (प्रतिनिधी) : श्रीरामाचा रथ झाला की आपल्याकडं शाळांच्या स्नेहसंमेलनांची तयारी सुरू होते. मग शाळेचे सर आणि दोन-चार पालक पावतीपुस्तक घेऊन दुकानात येतात. "बक्षिसं तुमच्याकडून धरू का? ट्रॉफीवर नाव टाकतो, स्टेजवरून तीनदा पुकारतो." तिकडं पुण्यातल्या सोसायट्यांचे फोन येतात ते गणपती, कोजागिरी, दिवाळी आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. "गावाकडचा माल घेऊन या, स्टॉल देतो, तीन हजार भाडं." दुकानदार, दूधवाला, गुऱ्हाळवाला, बचत गटातल्या महिला, सगळेच कधी ना कधी हे पैसे देतात. दिल्यावर पुढं काय झालं हे मात्र फार थोडे लोक बघतात. "लई गर्दी होती, माल संपला" एवढ्यावर हिशेब बंद होतो.

गर्दी होणं आणि पैसे परत येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तो फरक एका उदाहरणावरून बघू. उदाहरण लाकडी घाण्याचं घेतलंय, कारण तेल दर महिन्याला संपतं आणि गिऱ्हाईक परत आलं की नाही हे स्वच्छ कळतं. फलटणपासून आठ-दहा किलोमीटरवरच्या एका गावात घाणा आहे, करडईचं आणि शेंगदाण्याचं तेल निघतं, असं धरू. आकडे आपल्या भागातल्या धंदेवाल्यांशी बोलून ढोबळ धरलेत. आपापल्या धंद्याचे आकडे त्या जागी घातले की रीत तीच राहते.

त्याआधी एक गोष्ट ठरवून टाकावी. आपण ज्या शाळेत शिकलो तिला, गावच्या मंडळाला, भावकीतल्या कुणाच्या शब्दाखातर जे देतो ते देणगी म्हणून लिहावं आणि त्यातून गिऱ्हाईक शोधू नये. जाहिरात म्हणून दिलेले पैसे वेगळ्या पानावर लिहावेत. दोन्ही एकाच पानावर लिहिले की तोटा झाल्यावर माणूस म्हणतो, "जाऊ दे, शाळेला मदत झाली," आणि फायदा झाला की म्हणतो, "बघा, जाहिरात लागू पडली." असा हिशेब कधीच चुकत नाही आणि कधीच काही शिकवत नाही. पावतीसुद्धा त्याप्रमाणेच मागावी. जाहिरातीचे पैसे असतील तर पावतीवर तसा उल्लेख हवा, कारण धंद्याचा खर्च आणि देणगी यांची करात वेगवेगळी वाट आहे.

स्टॉलचा दिवस : २२,८०० चा गल्ला, तरी तोटा

आपले घाणेवाले दिवाळीच्या आधीच्या रविवारी हडपसरच्या बाजूला एका ३०० फ्लॅटच्या सोसायटीत गेले. स्टॉलचं भाडं ३,००० रुपये. लोणंद, जेजुरी, सासवड करत दिवे घाट उतरून जायचं आणि रात्री परत यायचं, त्याचं पिकअपचं भाडं ४,५००. दोन पोरांची हजेरी १,२००. फ्लेक्स आणि छापील चिठ्ठ्या १,३००. तेलाची चव बघायला ठेवलेली भाकरी, चटणी आणि तेल मिळून ८००. चहापाणी २००. राहिली ती नवरा-बायकोची स्वतःची दिवसाची मजुरी, ती १,००० धरली. बहुतेक जण ही शेवटची ओळ लिहीतच नाहीत. पण त्या दिवशी घाणा बंद होता, म्हणजे ती मजुरी कुठूनतरी गेलीच. एकूण खर्च १२,००० रुपये झाला.

विक्री ६० लिटर. लिटरला ३८० प्रमाणे गल्ल्यात २२,८०० रुपये आले. गावात सांगायला हा आकडा चांगला आहे. पण त्यातले २९० रुपये लिटरमागे करडई, वीज, मजुरी, बाटली आणि लेबल यांचेच आहेत, तेही पेंडीचे पैसे जमा धरून. हातात राहतात ते लिटरला ९० रुपये. ६० लिटरचे झाले ५,४००. खर्च १२,०००, मिळकत ५,४००. त्या दिवशी ६,६०० रुपयांची तूट आली.

ही तूट बघून घाबरायचं कारण नाही. एका दिवसाच्या स्टॉलवर खर्च वसूल होणं कठीणच असतं. वसूल व्हायचंच म्हटलं तर १२,००० भागिले ९०, म्हणजे १३४ लिटर तेल एका रविवारी विकायला लागलं असतं. खरा प्रश्न असा आहे की त्या ६,६०० रुपयांत आपण काय विकत घेतलं? आपण घेतली ती काही घरांची ओळख. त्या दिवशी ४५ घरांनी तेल नेलं. तीस घरांनी एकेक बाटली, पंधरा घरांनी दोन-दोन. यातली किती घरं परत तेल मागवतात, त्यावर सगळं ठरणार.

खूण आधी ठेवायची, नंतर आठवून उपयोग नाही

परत आलेलं गिऱ्हाईक स्टॉलवरूनच आलं हे कळणार कसं? तोंडी विचारून नीट कळत नाही. "आमचं कुठून कळलं?" असं विचारलं तर माणूस तोंडाला येईल ते सांगतो, "असंच, कुणीतरी सांगितलं." म्हणून कार्यक्रमाला जायच्या आधीच खूण ठरवावी लागते. सगळ्यात स्वस्त खूण म्हणजे रंगीत चिठ्ठी. दिवाळीच्या स्टॉलला पिवळी चिठ्ठी. प्रत्येक चिठ्ठीवर नंबर आणि एक ओळ : पुढच्या खरेदीवर २० रुपये कमी. बाटली देताना चिठ्ठी द्यायची आणि नंबरापुढं वहीत फ्लॅट आणि मोबाईल लिहून घ्यायचा, तोही विचारून. गर्दीत लिहायला वेळ मिळत नाही, त्यामुळं दोनपैकी एक पोरगं फक्त वहीला बसवावं. तेल ओतून दाखवणारा आणि लिहिणारा एकच असला की दुपारी चारनंतर वही कोरी राहते.

मोबाईलवर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस असेल तर त्यात गिऱ्हाइकाला लेबल लावता येतं. 'दिवाळी हडपसर' असं लेबल लावून ठेवलं की सहा महिन्यांनी सुद्धा शोधता येतं. यूपीआयने आलेल्या पैशांची यादी त्या दिवसाची बघितली तर नावंही ताडून घेता येतात.

दुसरं, पहिला मेसेज कधी टाकायचा तेही मालावर ठरतं. चौघांच्या घरात लिटरची बाटली साधारण दोन आठवडे जाते. दुसऱ्याच दिवशी "धन्यवाद, पुन्हा भेट द्या" पाठवला तर कुणी बघत नाही, महिन्यानं पाठवला तर त्यांनी दुकानातून दुसरं तेल आणलेलं असतं. बाराव्या-तेराव्या दिवशी "शनिवारी गाडी येतीय, किती लिटर ठेवू?" एवढंच विचारलेलं बरं.

माल पोचवायचा कसा, हे स्टॉल घ्यायच्या आधी ठरलेलं पाहिजे. नाहीतर गिऱ्हाईक तयार आणि तेल गावात, अशी गत होते. आपल्या उदाहरणात गावातून पुण्याच्या मार्केट यार्डाला भाजीची गाडी जाते. ती हडपसरला गेटवर बाटल्या उतरवते आणि लिटरला १५ रुपये घेते. म्हणजे परत मागवलेल्या लिटरवर ९० नाही, ७५ रुपयेच राहतात.

पहिल्या महिन्यात ४५ पैकी १४ घरांनी दोन-दोन लिटर मागवलं. दुसऱ्या महिन्यात ११ राहिली, तिसऱ्या महिन्यात ९ आणि पुढं ती नऊ टिकली. हा उतार सगळीकडं दिसतो. काही जण दिवाळीपुरते घेतात, काहींना वास उग्र वाटतो, काही भाव बघून परत डब्याच्या तेलावर जातात. म्हणून पहिल्या महिन्याच्या १४ वर उड्या मारू नयेत. तिसऱ्या महिन्यात जे टिकलं ते आपलं.

आता तूट कधी भरली बघू. दिवसाची तूट ६,६००, आणि चौदा चिठ्ठ्यांवर दिलेली सूट २८० रुपये. दोन्ही मिळून ६,८८०. लिटरला ७५ प्रमाणे ९२ लिटर विकलं की पैसे वसूल. पहिल्या महिन्यात २८ लिटर गेलं, दुसऱ्यात २२, तिसऱ्यात १८. चौथ्या महिन्याअखेर ८६ झाले आणि पाचव्या महिन्यात ९२ ओलांडले. पाच महिन्यांत पैसे परत आले.

एरवीही आलेच असते ते वजा करा

पण थांबा. वही नीट बघितली तर त्या नऊ घरांतली तीन घरं आपल्याच भागातली निघाली. नोकरीसाठी पुण्याला गेलेली, आधीपासून ह्याच घाण्याचं तेल त्याच भाजीच्या गाडीनं मागवणारी. स्टॉलवर ओळखीनं आली, चिठ्ठी घेतली, २० रुपये सूटही घेतली. ती स्टॉलमुळं मिळालेली गिऱ्हाइकं नाहीत. स्टॉल लावला नसता तरी त्यांनी तेल घेतलंच असतं.

सगळ्यात जास्त फसगत होते ती इथं. विक्री आपल्या डोळ्यासमोर होते, म्हणून ती कार्यक्रमामुळंच झाली असं वाटतं. ही तीन घरं प्रत्येक महिन्यातून काढली तर नवी घरं राहतात पहिल्या महिन्यात ११, दुसऱ्यात ८ आणि पुढं ६. त्या दिवशी या तिघांनी नेलेलं सहा लिटर एरवीही गेलंच असतं, त्याचे ४५० रुपये तुटीत वाढवले. आता भरायची तूट ७,३३० झाली, म्हणजे ९८ लिटर. नव्या घरांची विक्री पहिल्या महिन्यात २२, दुसऱ्यात १६ आणि पुढं दर महिन्याला १२ लिटर. बेरीज केली तर सात महिने होतात तेव्हा बरोबर ९८ भरतात.

पाच महिने आणि सात महिने यातला फरक छोटा वाटेल. पण याच तीनऐवजी पाच घरं ओळखीची निघाली असती, तर टिकणारी नवी घरं चारच राहिली असती आणि पैसे परत यायला अकरा महिने लागले असते. म्हणून स्टॉलला निघायच्या आधी जुन्या गिऱ्हाइकांची यादी सोबत ठेवावी आणि ती घरं आली की वहीत नावापुढं 'जु' लिहावं. नंतर ओळखणं अवघड जातं.

ज्यांच्याकडं चिठ्ठी-वही काहीच नसते ते आधीचा महिना आणि नंतरचा महिना ताडून बघतात. दिवाळीच्या बाबतीत हे साफ चुकतं. दिवाळीला तेल सगळ्यांचंच जास्त खपतं, स्टॉल लावणाऱ्याचंही आणि न लावणाऱ्याचंही. बघायचंच असेल तर गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडावं. दुसरं म्हणजे, जिथं स्टॉल लावला नाही त्या भागातली आपली विक्री किती वाढली तेही बघावं. हडपसरला वाढली तेवढीच बारामतीलाही वाढली असेल, तर स्टॉलचं त्यात काही नाही.

आणखी एक सांगायला पाहिजे. नऊ घरं, सहा घरं हे आकडे लहान आहेत. एक कुटुंब बदली होऊन गेलं, एका बाईनं पाच मैत्रिणींना सांगितलं, एवढ्यानं निकाल फिरतो. त्यामुळं एका स्टॉलवरून "सोसायट्या बेकार" किंवा "सोसायट्या भारी" असं ठरवू नये. दोन-तीन ठिकाणची पानं शेजारी ठेवावीत, तेव्हा काहीतरी दिसतं.

कमिटीशी आधी काय बोलायचं

त्या ४५ घरांचा आकडा ६५ होणार की २० राहणार, हे बऱ्याचदा मालावर नाही, जागेवर ठरतं. स्टेजच्या मागं किंवा पार्किंगच्या कोपऱ्यात स्टॉल मिळाला तर लोक तिथवर येतच नाहीत. गेटपासून कार्यक्रमाच्या जागेपर्यंत जी वाट आहे तिच्यावरची जागा मागावी. ३०० फ्लॅट म्हणजे ३०० घरं नव्हेत, त्यातले किती भरलेले आहेत आणि गेल्या वर्षी कार्यक्रमाला किती लोक खाली उतरले, ते वॉचमनलाही माहीत असतं, त्याला विचारावं. तेलाचा दुसरा स्टॉल ठेवणार नाही, असं कमिटीकडून व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्यावं. तोंडी शब्द कार्यक्रमाच्या दिवशी कुणालाच आठवत नाही. भाडं निम्मं आधी, निम्मं स्टॉल लागल्यावर, एवढं मागायला लाजू नये.

तेलवाल्यांसाठी खास म्हणजे सुटं खाद्यतेल विकायला कायद्यानं मनाई आहे. त्यामुळं डबा नेऊन मापानं ओतून देणं नको. सीलबंद बाटली, तिच्यावर अन्न परवान्याचा नंबर, तारीख, वजन-माप आणि किंमत पाहिजेच. शहरातलं गिऱ्हाईक पहिल्यांदा बाटली फिरवून हेच बघतं. आणि दुसरा प्रश्न हमखास येतो, "करडईच का?" फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं बिनकाट्याच्या करडईच्या जाती काढल्या, त्या आपल्या भागातल्या आहेत, हे सांगितलं की बोलणं सुरू होतं. तेल खाऊन रोग बरा होतो असली भाषा मात्र फ्लेक्सवर नको, ती अंगाशी येते.

शाळेचं गणित वेगळं

आता त्याच घाणेवाल्यांकडं शाळेचे सर आले. तीस बक्षिसं, ट्रॉफीमागं १५० रुपये, एकूण ४,५००. ट्रॉफीवर घाण्याचं नाव. ती ट्रॉफी पोरगं घरी नेतं, टीव्हीजवळ ठेवतं, आणि तिच्यावरचं बारीक अक्षर कुणी वाचत नाही. वाचलं तरी त्यावरून कोण घाण्यावर आलं हे कळायला काही मार्ग नाही. स्टेजवरून पुकारल्याचं तर दुसऱ्या दिवशी कुणाला आठवतही नाही.

बक्षीसच असं द्यावं की ते घ्यायला माणूस आपल्या दारात येईल. पण इथं एक अडचण आहे. मुलाला तेलाची बाटली नको असते, त्याला चमकणारं काहीतरी पाहिजे असतं, आणि ते बरोबरच आहे, बक्षीस त्यानं मिळवलंय. त्यामुळं मुलाला ४० रुपयांचं पदक आणि सोबत आईच्या नावानं एक पाकीट : 'अर्धा लिटर करडई तेल, घाण्यावर येऊन घ्यावे, महिनाअखेरपर्यंत.' तीस पदकांचे १,२०० रुपये. अर्ध्या लिटरचा आपल्याला पडता भाव १४५ रुपये. तिसांपैकी १९ जण आले, त्यांचे २,७५५. एकूण ३,९५५ रुपये खर्च. न आलेल्या अकरा जणांचं तेल खर्ची पडलंच नाही, हा पाकिटाचा फायदा. ट्रॉफीचे पैसे मात्र तिसांचेच जातात.

आलेल्या १९ पैकी ७ जण आधीचीच गिऱ्हाइकं होती. १२ जणांनी घाणा पहिल्यांदा बघितला. गावाकडची माणसं तेल विकत कमी घेतात, घरची करडई आणून काढून नेतात. संमेलन जानेवारीत झालं आणि करडईची सुगी फेब्रुवारी-मार्चमध्ये, त्यामुळं वेळ चांगली जुळली. बारातल्या पाच जणांनी पन्नास-पन्नास किलो करडई आणली. गाळपाचा दर किलोला १२ रुपये धरला तर २५० किलोचे ३,००० आले, वीज आणि मजुरी निम्मी गेली, हातात १,५०० राहिले. ३,९५५ घातले आणि पहिल्या सुगीला १,५०० आले. हीच पाच घरं दरवर्षी येत राहिली तर तिसऱ्या सुगीला पैसे वसूल होतात.

सोसायटीला सात महिने आणि शाळेला तीन सुग्या, म्हणजे शाळा तोट्याची असं लगेच म्हणू नका. शाळेच्या गिऱ्हाइकाला माल पोचवायला लागत नाही, ते स्वतः पोतं घेऊन येतं, आणि घाणा नीट चालला तर दहा वर्षं येतं. सोसायटीतलं घर भाड्याचं असलं तर अकरा महिन्यांनी बदलतं. माझ्या मते गावातल्या धंद्याला शाळा बरी, पण तिथं पैसे कमी घालावेत आणि वाट जास्त बघायची तयारी ठेवावी.

मुलांच्या कार्यक्रमातून गिऱ्हाईक जोडण्याचं काम मराठी उद्योगात जुनं आहे. दांडेकरांनी १९३१ साली मुंबईत शाईपासून सुरू केलेल्या कॅम्लिनच्या उंट छापाच्या रंगांच्या चित्रकला स्पर्धा कित्येक शाळांनी पाहिल्यात. त्यात बक्षीस कुणालाही मिळो, स्पर्धेला बसलेलं प्रत्येक मूल रंग वापरतंच. आपला माल कार्यक्रमातच वापरला जात असेल तर यापेक्षा चांगली जाहिरात नाही. पालकांच्या पाककला स्पर्धेला घाण्याचं तेल देणं हे त्यातलंच.

शाळेच्या बाबतीत दोन गोष्टी सांभाळाव्यात. खूप चरबी, साखर किंवा मीठ असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि गेटपासून ५० मीटरच्या आत मुलांना विकायला २०२० च्या अन्नसुरक्षा नियमांनी मनाई आहे. अशा पदार्थांची तिथं जाहिरात करायची आणि मुलांना फुकट वाटायचं हेही नाही. चिप्स, थंड पेय, मिठाईवाल्यांनी स्टॉल घ्यायच्या आधी हे बघावं, आणि आपल्या तेलवाल्यांनीही भजी तळून चव द्यायचा विचार शाळेत करू नये. दुसरं, मुलांकडून मोबाईल नंबर लिहून घेऊ नयेत. नंबर आई-वडिलांनी स्वतः दिला तरच घ्यायचा. पाकीट घाण्यावर आणल्यावर तो मागता येतोच. जिल्हा परिषदेची शाळा असेल तर शाळा व्यवस्थापन समितीत विषय ठेवून घ्यावा, म्हणजे पुढं कुणी बोट दाखवत नाही.

ज्यांचा माल दर महिन्याला संपत नाही त्यांना ही रीत थोडी बदलून घ्यावी लागेल. गाडीचं शोरूम, फर्निचर, सोनं यांच्याकडं परत खरेदी मोजण्यात अर्थ नाही. तिथं एका विक्रीत सगळा खर्च निघून जातो, पण ती विक्री वर्षभरानंही होऊ शकते. त्यांनी चिठ्ठी घेऊन चौकशीला किती आले आणि त्यातले किती नवे होते, एवढं वर्षभर लिहावं. नाश्त्याचा गाडा किंवा रसवंती असेल तर उलट आहे. तिथं परत गिऱ्हाईक होणार नाही असं धरून त्याच दिवशी खर्च निघतो का ते बघावं, आणि नसेल निघत तर स्टॉल घेऊ नये.

पुढच्या वर्षी परत जायचं का?

आपल्या घाणेवाल्यांना त्याच सोसायटीचा परत फोन येणार. "यंदा साडेतीन हजार." इथं सवयीनं हो म्हटलं जातं. पण दुसऱ्या वर्षी खर्च तेवढाच राहतो आणि नवी घरं कमी मिळतात, कारण ज्यांना घ्यायचं होतं त्यांनी पहिल्याच वर्षी चव बघितलेली असते. टिकलेली सहा घरं स्टॉल न लावताही तेल मागवणारच आहेत. त्यामुळं दुसऱ्या वर्षी दुसरी सोसायटी बघावी, किंवा त्याच ठिकाणी कमी खर्चात काही करता येतं का ते बघावं.

एक वाट संक्रांतीची आहे. हळदीकुंकवाला वाण लुटायचंच असतं. १०० मिलीची करडई तेलाची बाटली, आत २९ रुपयांचं तेल, बाटली आणि लेबलचे ९ रुपये, म्हणजे ३८ रुपये पडतात. ८० बायकांसाठी ३,०४० रुपये, आणि बाटल्या भाजीच्या गाडीनं जातात, पिकअप नाही, हजेरी नाही. मर्यादाही आहे. फुकट आलेली बाटली सगळेच घेतात, म्हणून ८० बाटल्या गेल्या याला काही अर्थ नाही. स्टॉलवर ३८० रुपये मोजणाऱ्या घरात आणि वाण घेणाऱ्या घरात फरक असतोच, त्यामुळं टिकणारी घरं कमी निघतील असंच धरून चालावं. लिटरला ७५ प्रमाणे ३,०४० रुपये भरायला ४१ लिटर लागतात. दोन नवी घरं महिन्याला दोन-दोन लिटर घेत राहिली तर अकरा महिने, तीन घरं टिकली तर सात महिने.

तेवढी घरं टिकतात का, ते एप्रिलअखेर मोजावं. वाणाच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या हिरव्या छापून घ्याव्यात, म्हणजे दिवाळीच्या पिवळ्यांत मिसळणार नाहीत.